सूत्रात नसलेलं क्रियापद: "आहे", "होतं" की "केलंच पाहिजे"?

 

आज नवीन सूत्र घेतलेलं नाही. मागच्या महिन्यात योगसूत्रांच्या पहिल्या पादातलं तेविसावं सूत्र, ईश्वरप्रणिधानाचं, आपण पाहिलं होतं. त्याचा अर्थ सांगताना माझ्याकडून एक चूक झाली. चूक एका क्रियापदाची, आणि तेही सूत्रात नसलेल्या. ते मी माझ्या पदरचं घातलं होतं. आज ती चूक दुरुस्त करते, आणि असं न लिहिलेलं क्रियापद कसं शोधायचं तेही सांगते.

आमच्या अंबरनाथ पूर्वेच्या सोसायटीत दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही सात-आठ जणी गच्चीवर बसतो. त्या गुरुवारी मी म्हटलं होतं, "ईश्वरप्रणिधान केलंच पाहिजे, असं पतंजली सांगतात." पुढच्या दोन गुरुवारी खालच्या मजल्यावरच्या वहिनी आल्या नाहीत. त्यांचे यजमान दीड वर्ष अंथरुणाला खिळलेले, स्वतःच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. मला वाटलं, घरातून निघणं झालं नसेल.

मग एका सोमवारी त्या शिवमंदिरात भेटल्या. आपल्या मंदिराचा गाभारा खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. वहिनींना आता त्या जमत नाहीत, म्हणून त्या वर सभामंडपातूनच हात जोडतात. मी दर्शन घेऊन वर आले तर म्हणाल्या, "ताई, राग मानू नका. तुम्ही म्हणालात, केलंच पाहिजे. माझ्याच्याने सकाळची पाच मिनिटांची बैठकसुद्धा होत नाही. यांना कूस बदलून द्यायची, औषध, आंघोळ. आसन नाही, प्राणायाम नाही, आणि वर हेही केलंच पाहिजे. म्हणजे माझ्यासाठी ते दारही बंदच की."

मला काही उत्तर सुचलं नाही. घरी येऊन वही उघडली. सूत्र लिहून घेतलं होतं, त्याखाली माझ्याच अक्षरात कंसात लिहिलं होतं: (कर्तव्यम्). हा शब्द कुठून आला? सूत्रात तर दोनच पदं आहेत. एक "ईश्वरप्रणिधान", तेही पंचमी विभक्तीत, आणि दुसरं "वा". क्रियापद नाही, कर्ता नाही, काहीच नाही.

क्रियापद नसणं हा दोष नाही

आधी हे बघू, कारण बऱ्याच जणींना वाटतं की सूत्रं म्हणजे तुटक वाक्यं. तसं नाही. आपण मराठीत रोज असंच बोलतो. "हा माझा भाचा." "बाबा घरी?" "आज भाजी कसली?" यात कुठे "आहे" आहे? तरी कुणाला अडत नाही. पण हेच कालचं असेल तर "बाबा काल घरी" एवढ्यावर भागत नाही, "होते" म्हणावंच लागतं. म्हणजे जे गाळलं जातं ते बहुतेक वेळा "आहे" एवढंच.

संस्कृत व्याकरणकारांनी हे नेमकेपणाने नोंदवून ठेवलंय. पाणिनीच्या दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादातल्या पहिल्याच सूत्रावर चर्चा करताना कात्यायनाचं एक वार्त्तिक येतं. त्याचा भावार्थ असा: "अस्" धातूचं वर्तमानकाळी प्रथमपुरुषी रूप, म्हणजे "अस्ति", वाक्यात वापरलेलं नसलं तरी समजून घेतलं जातं. तिथे वर्तमानकाळाला "भवन्ती" असं जुनं नाव आहे. महाभाष्यात त्याचं उदाहरण झाडाचं दिलंय: अमुक झाड प्लक्ष, म्हणजे प्लक्ष आहे. ज्यांना महाभाष्य मराठीतून बघायचं असेल त्यांच्यासाठी पुण्याच्या वासुदेवशास्त्री अभ्यंकरांचं भाषांतर आहे.

या नियमात एक मर्यादाही आहे, ती लक्षात ठेवा. फुकट मिळतं ते फक्त "आहे". "असावं", "करावं", "केलं पाहिजे", "होईल" हे फुकट मिळत नाही. ते घालायचं तर वाक्यातून किंवा संदर्भातून पुरावा द्यावा लागतो. मी पुरावा न देता घातलं, तीच माझी चूक.

मग "कर्तव्यम्" आलं कुठून?

सवयीने आलं. त्याआधी दोन महिने मी ब्रह्मसूत्रांचं पहिलं सूत्र वाचत होते. तिथेही क्रियापद नाही. सुरुवातीला "अथ" आहे आणि शेवटी "जिज्ञासा". शंकराचार्य तिथे "कर्तव्या" असं पूर्ण करतात: जिज्ञासा करावी. तेच माझ्या पेनात बसलं होतं.

पण आचार्यांनी ते कसं ठरवलं ते बघा. योगसूत्रांचं पहिलं सूत्रही "अथ" नेच सुरू होतं आणि तिथेही क्रियापद नाही. व्यासभाष्य तिथे म्हणतं, हा "अथ" अधिकारार्थी, म्हणजे इथून योगाचं शास्त्र सुरू झालं असं समजावं. शास्त्र शिकवायला सुरुवात करता येते, म्हणून अर्थ बसला. हाच अर्थ ब्रह्मसूत्राला लावता येईल का? शंकराचार्य म्हणतात, नाही. जिज्ञासा म्हणजे जाणून घ्यायची इच्छा, आणि इच्छा काही "आता सुरू करतो" म्हणून सुरू करता येत नाही. म्हणून तिथे "अथ" म्हणजे "त्यानंतर": विवेक, वैराग्य वगैरे साधनं अंगी आल्यानंतर जिज्ञासा करावी. पुढे विवरण परंपरेच्या टीकाकारांनी आणखी एक अडचण काढली. इच्छा "कर" म्हणून तरी सांगता येते का? तीही नाही. म्हणून त्यांनी जिज्ञासा या शब्दाने इथे "विचार" घ्यायचा असं ठरवलं, कारण विचार करता येतो.

म्हणजे एकच "अथ", दोन्हीकडे क्रियापद नाही, आणि भरायचे शब्द मात्र वेगळे. ठरवलं कशावरून? शेवटच्या नामावरून. त्या नामाने सांगितलेली गोष्ट सुरू करता येते का, करायला सांगता येते का, हे तपासून. मी आचार्यांचा शब्द उचलला, पण त्यांची तपासणी उचलली नाही.

तेविसावं सूत्र, परत एकदा, सावकाश

आता आपलं सूत्र. वही पेन घ्या, हे लिहून काढण्यासारखं आहे.

पहिली पायरी: जे लिहिलेलं आहे ते नीट बघायचं. ईश्वरप्रणिधान पंचमीत आहे. पंचमी म्हणजे "पासून", "मुळे". "ईश्वरप्रणिधानामुळे" असं म्हटलं की लगेच प्रश्न येतो, त्यामुळे काय? म्हणजे इथे जे गळलंय ते एखादं फळ आहे, काहीतरी जे त्यामुळे होतं. "ईश्वरप्रणिधानामुळे करावं" हे वाक्य मराठीतही लागत नाही. मी "कर्तव्यम्" लिहिलं तेव्हा पंचमीची प्रथमा करून टाकली होती, आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही. खूण लक्षात ठेवा: तुम्ही घातलेल्या शब्दासाठी सूत्रातल्या शब्दाची विभक्ती बदलावी लागत असेल, तर घातलेला शब्द चुकीचा आहे.

दुसरी पायरी: बाहेरून आणण्याआधी मागच्या सूत्रांत शोधायचं. शास्त्रात याला अनुवृत्ती म्हणतात. मागच्या सूत्रातला शब्द पुढच्या सूत्रात न सांगता चालत येतो, जशी आपल्या बोलण्यात "मी दूध आणलं. आणि साखरही" म्हटल्यावर "आणली" आपोआप समजते. बाहेरून आणलेल्या शब्दाला अध्याहार म्हणतात. अनुवृत्तीने काम होत असेल तर अध्याहार करायचा नाही. घरात साखर असताना शेजारी वाटी घेऊन कोण जातं?

मागे गेलं की एकविसावं सूत्र येतं. ज्यांची तळमळ तीव्र, त्यांच्याविषयी ते बोलतं, आणि त्यात "आसन्न" हा शब्द आहे, म्हणजे जवळचा. तो पुल्लिंगी आहे. "जवळचा" कोण? व्यासभाष्य तिथे सांगतं: समाधिलाभ. लाभ हा शब्द पुल्लिंगी, आसन्नही पुल्लिंगी, जुळलं. आणि भाष्यकारांनी स्वतः क्रियापद घातलंय ते "भवति", म्हणजे होतो. तीव्र तळमळीच्या साधकांना समाधिलाभ जवळचा होतो. बाविसाव्या सूत्रात त्या तीव्रतेचेही मृदू, मध्य आणि अधिक असे भेद केलेत.

तिसरी पायरी: छोटा शब्द सोडायचा नाही. तेविसाव्यात "वा" आहे, म्हणजे किंवा. त्या सूत्रापर्यंत पोचताना भाष्यकार एक प्रश्न विचारतात: समाधी सर्वांत जवळ येते ती फक्त या तीव्र तळमळीनेच, की दुसराही काही उपाय आहे? त्याचं उत्तर म्हणजे हे सूत्र. आता भरून वाचा: किंवा, ईश्वरप्रणिधानामुळे (समाधिलाभ जवळचा होतो). कंसातलं सगळं मागून आलंय, बाहेरून एकही शब्द आणावा लागला नाही. पंचमी आहे तशीच राहिली, "वा" ला काम मिळालं.

आणि माझ्या वाचनात त्या "वा" चं काय झालं होतं? "किंवा ईश्वरप्रणिधान केलंच पाहिजे." किंवा आणि केलंच पाहिजे एका वाक्यात कसे नांदतील? तेव्हाच मला थांबायला हवं होतं. मी "वा" सरळ गाळून पुढे गेले होते.

भाष्यात ईश्वरप्रणिधानाचा अर्थ विशेष भक्ती असा दिलाय. त्या भक्तीने ईश्वर साधकाकडे वळतो आणि त्याच्या नुसत्या संकल्पानेही साधकावर अनुग्रह होतो, असा तिथला आशय आहे. म्हणजे जिथे मी हुकूम वाचला तिथे दुसरी वाट दाखवलेली होती. ज्यांची कमाई कमी पडते त्यांच्यासाठीही उघडी असलेली.

"पाहिजे" कधीच घालायचं नाही का?

मागच्या गुरुवारी हे सांगितलं तेव्हा आमच्यातल्या एकीने बरोबर बोट ठेवलं. म्हणाली, "मग सूत्रांमध्ये कुठेच 'करावं' घालायचं नाही का? सगळं 'आहे' आणि 'होतं'च?" तसंही नाही. त्याच पादातलं बत्तिसावं सूत्र बघा. तिथेही क्रियापद नाही, पण विक्षेपांच्या "प्रतिषेधार्थम्" असा शब्द आहे, म्हणजे त्यांना अडवण्यासाठी. पुढे एका तत्त्वाचा अभ्यास प्रथमेत आलाय. "अमुक अडवण्यासाठी अमुक अभ्यास" असं कुणी म्हटलं की पुढे "करावा" हेच येतं. डॉक्टर "खोकल्यासाठी काढा" म्हणाले तर काढा आहे अशी बातमी ते देत नसतात. व्यासभाष्यातही तिथे "अभ्यसेत्" असं विध्यर्थी रूप आहे. म्हणजे एकाच पादात, नऊ सूत्रांच्या अंतरावर, एकदा "होतो" आणि एकदा "करावा". दोन्ही वेळा खूण सूत्रातच आहे: एकीकडे पंचमी, दुसरीकडे "अर्थम्".

शिवाय पतंजलींना "करायला हवं" उघड सांगायचं असतं तेव्हा ते सांगतात. दुसऱ्या पादात दुःखाविषयी आणि क्लेशांविषयी बोलताना त्यांनी "हेय" हा शब्द वापरलाय, म्हणजे टाकण्याजोगं. क्रियापद तिथेही नाही, पण त्या शब्दाच्या प्रत्ययातच "पाहिजे" बसलेलं आहे. अशा ठिकाणी फक्त "आहे" भरायचं: टाकण्याजोगं आहे. ज्या ग्रंथकाराकडे हा शब्द आहे आणि तरी त्याने तो एखाद्या ठिकाणी वापरला नाही, तिथे आपण तो चिकटवताना दहादा विचार करावा.

दुसरा आक्षेपही आला. ईश्वरप्रणिधान दुसऱ्या पादात नियमांच्या यादीत आहे, मग ते पाळायलाच हवं ना? हो, तिथे ते नियम म्हणून मोजलंय, ते नाकारायचं कारण नाही. पण ते बत्तिसावं सूत्र दुसऱ्या पादाचं, आणि तिथलं ओझं इथे तेविसाव्यात आणून ठेवायचं नाही. त्याच पादात पुढे पंचेचाळिसाव्यात ईश्वरप्रणिधान परत पंचमीत येतं, आणि तिथे समाधिसिद्धी हे फळ सूत्रातच लिहिलेलं आहे. म्हणजे पंचमीतलं ईश्वरप्रणिधान फळ मागतं हे आपण तेविसाव्यात जे ओळखलं, त्याला ग्रंथातूनच साक्ष मिळते.

आपल्या देवळातला धडा

एक गोष्ट जाता जाता. आपल्या शिवमंदिरात शिलालेख आहे हे तुम्हाला ठाऊक असेल. शिलाहार राजा माम्वाणीच्या काळातला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो वाचला तेव्हा शक ७८२ असा वाचला होता. नंतर पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो शक ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा वाचला, आणि आज आपण तेच वर्ष सांगतो. एका अंकाने दोनशे वर्षं इकडची तिकडे. भाऊ दाजींसारख्या विद्वानाचंही असं होतं, मग आपली काय कथा. दगडावर कोरलेलं दिसतं तरी चुकतं, आणि आपण तर न कोरलेलं वाचत असतो.

म्हणून मी आता वहीत एक शिस्त लावली आहे. सूत्रातले शब्द निळ्या शाईने. मागून आलेले शब्द हिरव्या शाईने, आणि शेजारी कुठल्या सूत्रातून आले तो आकडा. बाहेरून घातलेला शब्द लाल शाईने, आणि त्याखाली कारण: भाष्यकारांनी घातला, की विभक्तीने मागितला, की माझा मीच. ज्या लाल शब्दाखाली कारण लिहिता येत नाही तो खोडायचा आणि "आहे" वर थांबायचं. दोन भाष्यकारांनी दोन वेगळे शब्द भरले असतील तर दोन्ही नावांसकट लिहायचे. आणि गुरुवारी सांगताना, जे लाल आहे ते लाल आहे असं बोलून दाखवायचं. ऐकणाऱ्याला कंस दिसत नाही. वहिनींना माझा कंस दिसला नव्हता, त्यांना ते पतंजलींचंच बोलणं वाटलं.

परवा त्यांच्याकडे गेले होते. काका झोपले होते, म्हणून स्वयंपाकघरातच बसलो. मी वही दाखवली. हे निळं पतंजलींचं, हे हिरवं मागून आलेलं, आणि हे खोडलेलं लाल माझं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "म्हणजे हा 'किंवा' पहिल्यापासून होता?"

"होता."

"मग तुम्ही तो वाचला का नाही?"

खरं उत्तर एकच होतं, ते दिलं. घाई केली. त्या काही बोलल्या नाहीत. निघताना म्हणाल्या, "मोठ्या अक्षरात लिहून द्या मला, फ्रीजवर लावते. आणि तुमचं लाल नको त्यात."

लिहून दिलंय. फक्त निळं आणि हिरवं.

उद्या चोविसावं सूत्र. त्यातही क्रियापद नाही. वाचायच्या आधी स्वतः भरून बघा, आणि कुठल्या शाईने भरलंत ते मला कळवा.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥